आधी मूळ फोटो मोजा: एआयने साफ केलेला जुना फोटो कसा तपासायचा

फोटो सहा बाय चार इंचाचा होता. लग्नानंतर वाड्याच्या अंगणात काढलेला ग्रुप फोटो, सकाळचं ऊन, चौदा माणसं आणि मधोमध खुर्चीवर बसून हसणारी आजी. आजीच्या घरच्यांना त्यातली फक्त आजी हवी होती, मोठी करून, भिंतीवर लावायला. मी प्रिंट स्कॅन केली, आजीभोवतीचा भाग कापून घेतला आणि एआयच्या टूलला दिला. दोन मिनिटांत इतका स्वच्छ, टवटवीत चेहरा समोर आला की मी तो तसाच छापला. आजींची लेक फोटो न्यायला आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, फोटो छान झालाय. पण आमच्या आईचे दात असे नव्हते हो."

मी घरी येऊन प्रिंटवर भिंग धरलं. वरच्या ओठाखाली बरोबर मध्ये एक मोठा दात होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तेवढेच मोठे आणखी दोन. एका कानात कुडी, दुसऱ्या कानात झुमका. खुर्चीच्या डाव्या पायाला सावलीच नाही. सगळं समोर होतं, आणि मी ते पाहिलं नव्हतं. त्यानंतर मी तपासणीचा एक क्रम ठरवला. या कामात नव्याने आलेल्यांसाठी तो इथे सांगतो आहे. या लेखातली सगळी उदाहरणं त्याच फोटोतली आहेत.

टूल दात का चुकवतं, ते आधी समजून घ्या

एक साधा हिशेब करू. प्रिंट ६०० डीपीआयवर स्कॅन केली, तर सहा बाय चार इंचाचे ३६०० बाय २४०० पिक्सेल होतात. त्या ग्रुप फोटोत आजीचं डोकं, हनुवटीपासून माथ्यापर्यंत, जेमतेम ८ मिलिमीटर होतं, म्हणजे साधारण १९० पिक्सेल. खरं डोकं सुमारे २२ सेंटिमीटर उंच असतं आणि वरचा पुढचा दात सुमारे साडेआठ मिलिमीटर रुंद. या प्रमाणात एक दात मूळ स्कॅनमध्ये फक्त सात पिक्सेल रुंद येतो. शिवाय जुन्या प्रिंटचा मऊपणा आणि दाणा त्यात मिसळलेला. म्हणजे दोन दातांमधली फट त्या फोटोत उतरलेलीच नाही, उतरली आहे ती एक पांढुरकी पट्टी.

टूल ती पट्टी पाहतं आणि अशा जागी सहसा काय असतं, तसं काहीतरी चितारतं. ते दात मोजत नाही. डावा कान रंगवताना उजव्या कानात काय आहे, हे ते दर वेळी जुळवून बघत नाही. कुठल्या वस्तूची सावली कुठे पडायला हवी, हा हिशेबही ते करत नाही. म्हणून मोजणं, जुळवणं आणि सावलीचा माग काढणं ही तीन कामं आपल्याकडे येतात. चेहऱ्यात जितके कमी पिक्सेल, तितका बनवलेला भाग जास्त, हे पक्कं लक्षात ठेवा. पासपोर्ट फोटोसारखा जवळून काढलेला चेहरा असेल तर धोका बराच कमी असतो.

पहिलं काम: टूल उघडण्याआधी कागद घ्या

माझ्या मते सगळ्या तपासणीतली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नवीन माणूस नेमकी हीच गाळतो. एकदा स्वच्छ निकाल डोळ्यांपुढे आला की मेंदू त्यालाच खरं मानतो. मग मूळ फोटोकडे पाहिलं तरी तिथल्या धुरकट पट्टीत आपल्याला निकालातले दात दिसायला लागतात. म्हणून एडिट करण्याआधी मूळ स्कॅन मोठा करून पाहा आणि दिसतं तेवढंच कागदावर लिहा. आजीच्या फोटोचा माझा दुसऱ्या वेळचा कागद असा होता:

- दात: वरची पट्टी दिसते, दात वेगळे मोजता येत नाहीत. पट्टीत डावीकडे एक काळा ठिपका, फट की डाग, घरी विचारणे.
- कान: दोन्ही दिसतात. दोन्हीकडे गोल, कानाच्या पाळीला चिकटलेलं काहीतरी. लोंबणारं काही नाही.
- नथ: नाही. कपाळावर आडवी चिरी. हनुवटीवर तीन ठिपके.
- हात: दोन्ही मांडीवर, उजवा वर. बोटं उजव्या हाताची चार दिसतात, अंगठा पदराखाली. बांगड्या उजव्या मनगटात, मोजता येत नाहीत.
- सावल्या: सगळ्यांच्या उजवीकडे आणि थोड्या मागे.
- मागे: दरवाजाच्या चौकटीवर अक्षरं, 'श्री' एवढंच वाचता येतं.

"मोजता येत नाही" हेही लिहायचं. तेच पुढे सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं, कारण निकालात तिथे काही स्पष्ट दिसलं, तर ते टूलने बनवलेलं आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

डावं-उजवं लिहिताना एकच पद्धत ठेवा. मी नेहमी बघणाऱ्याच्या बाजूने लिहितो. अपवाद फक्त दागिन्यांचा, कारण घरचे लोक दागिन्याची बाजू माणसाच्या अंगावरून सांगतात.

दुसरं काम: काय काय बदललं ते यंत्राकडून काढून घ्या

तुम्ही चेहरा साफ करायला सांगता आणि टूल पदराचा काठ बदलून टाकतं. अशा न मागितलेल्या बदलांवर सहसा नजरच जात नाही. GIMP किंवा Photopea घ्या, फोटो एडिट करायची ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. खालच्या लेयरवर मूळ ठेवा, वरच्या लेयरवर निकाल, आणि वरच्या लेयरचा मोड Difference करा. जिथे काहीच बदललं नाही तिथे काळं दिसेल, जिथे बदललं तिथे उजळ. आजीच्या फोटोत चेहरा उजळला हे ठीकच, पण हनुवटीवर तीन बारीक ठिपके आणि दरवाजाच्या चौकटीवर एक लांब पट्टाही उजळला. तिथे मी काहीच मागितलं नव्हतं.

कमांड वापरायची सवय असेल तर ImageMagick हेच काम करतं:

```
magick identify mul.png edit.png
magick compare -fuzz 8% mul.png edit.png farak.png
```

पहिल्या ओळीने दोन्ही फाइलींचा आकार कळतो. तो एकच हवा. बरीच टूल्स निकाल दुप्पट किंवा चौपट मोठा करून देतात किंवा कडेने थोडा कापतात. तसं असेल तर मूळ फाइल आधी तेवढी मोठी करा आणि दोन्हीकडचे डोळे एकमेकांवर बसवा. नाहीतर सगळाच फोटो बदललेला दिसेल. दुसऱ्या ओळीने farak.png तयार होते, त्यात बदललेली जागा लाल दिसते. आठ टक्क्यांची सूट एवढ्याचसाठी की फाइल पुन्हा सेव्ह करताना होणारे बारीक फरक लाल होऊन येऊ नयेत. फोटो फार धुरकट असेल तर हा आकडा वाढवून बघा.

एक मर्यादा सांगायला हवी. संपूर्ण फोटो नव्याने रंगवणारं टूल वापरलं असेल, तर सगळंच लाल येतं आणि या पायरीचा उपयोग होत नाही. अशा वेळी दोन्ही लेयर साध्या मोडवर ठेवा आणि वरचा डोळ्याच्या चिन्हाने लावा, बंद करा, लावा. एकाच जागी नजर ठेवून दहा-बारा वेळा केलं की हललेली गोष्ट पटकन दिसते.

दात

आता शंभर टक्के झूमवर या, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्यावरचा एक पिक्सेल. वरच्या जबड्यात पुढे चार पटाशीचे दात, मग दोन बाजूंना एकेक सुळा. साध्या हसण्यात वरचे सहा ते आठ दात दिसतात, मोकळ्या हसण्यात दहापर्यंतही. मोजायला मधून सुरुवात करा. मधल्या दोन पटाशींमधली फट साधारण नाकाच्या मधोमध, वरच्या ओठावरच्या खळीच्या रेषेत येते. तिथे फटीऐवजी एक अख्खा दात बसला असेल, तर टूलने मध्ये एक दात जास्तीचा घुसवला आहे. आजीच्या फोटोत झालं होतं ते हेच.

मग एका बाजूला मोजत जा: मोठी पटाशी, जरा लहान पटाशी, टोकदार सुळा. टूलच्या दातांत हा उतार बहुधा नसतो. सगळे एकाच मापाचे, बारीक, कणसाच्या दाण्यांसारखे येतात. ओठाच्या कोपऱ्याकडे दात सावलीत जाऊन मंदावायला हवेत. तिथेही ते पुढच्याइतकेच पांढरे असतील तर संशय घ्या. तोंड उघडं असेल तर खालची रांगही पाहा. पुष्कळदा वरचे आणि खालचे दात मध्येच एकमेकांत मिसळून जातात.

मात्र खऱ्या माणसाचे दात पुस्तकातल्यासारखे असायलाच हवेत असं नाही. मधली रेषा सरकलेली असते, फट असते, पडलेला दात असतो, काही लोकांना मध्ये खरोखरच जास्तीचा दात असतो. त्यामुळे निकाल "बरोबर" दिसतो का, एवढं विचारून भागत नाही. तो या माणसाचा आहे का, ते विचारायचं. माझ्या कागदावर काळा ठिपका होता. घरी विचारल्यावर कळलं, आजींचा बाजूचा एक दात लवकर पडला होता आणि त्या तशाच मोकळ्या हसायच्या. टूलने ती फट डाग समजून बुजवली होती. फक्त दात मोजून समाधान मानलं असतं, तर मी तीनऐवजी दोन पटाशी केल्या असत्या आणि आजींची ओळख तरीही गेली असती.

कान, नाक आणि अंगावरच्या खुणा

दोन कानांतले दागिने जुळवताना दोन्ही कान एकाच मापाने मोठे करून शेजारी शेजारी ठेवा. एक कान कापून घ्या, आडवा उलटा करा आणि दुसऱ्याच्या बाजूला लावा. चेहरा थोडा वळलेला असेल तर लांबचा दागिना अरुंद दिसणारच. ती चूक नाही. चूक कुठली, तर जात बदललेली: एकीकडे पाळीला चिकटलेली कुडी आणि दुसरीकडे लोंबता झुमका. आणखी एक जागा म्हणजे दागिना कानाला जिथे अडकतो ती. टूलचे दागिने बऱ्याचदा पाळीत न शिरता गालावर किंवा केसांवर तरंगतात.

आजीच्या निकालात एका कुडीत सहा मोती स्वच्छ मोजता येत होते. मूळ स्कॅनमध्ये तो अख्खा दागिना बारा-तेरा पिक्सेलचा ठिपका होता. म्हणजे ते सहा मोती टूलचे. सुदैवाने ती कुडी घरात अजून जपून ठेवलेली होती. लेकीने मोबाइलवर तिचा फोटो पाठवला, आणि त्यावरून पुढचं काम सरळ झालं. दागिन्याबद्दल शंका आली की घरी विचारा. घरच्यांना ते बहुधा तोंडपाठ असतं.

जुळवण्याच्या नादात उलटी चूकही होते. भिकबाळी पुरुष एकाच कानात घालतात, परंपरेने उजव्या. टूल ती खरचटा समजून पुसतं, नाहीतर दुसऱ्या कानातही एक घालून जोडी करतं. नथ परंपरेने डाव्या नाकपुडीत, म्हणजे समोरून बघताना आपल्या उजवीकडे. ती दुसरीकडे गेली असेल तर टूलने चुकवली आहे किंवा स्कॅनच उलटा आहे. निगेटिव्हवरून काम करताना असं सर्रास होतं. पदर आणि सदऱ्याचा खिसाही उलट्या बाजूला दिसला तर उलट्या स्कॅनची खात्री होते.

हनुवटीवरचे ते तीन ठिपके गोंदण होतं. आपल्याकडच्या जुन्या फोटोंत बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदण असतं. टूलला ते कागदावरच्या डागांपेक्षा वेगळं कळत नाही, ते सरळ पुसून टाकतं. तिळाचंही तेच. डाग की खूण, हे ओळखायला आजूबाजूला बघा. बुरशीचा किंवा पाण्याचा डाग गालावरून पुढे पदरावर, भिंतीवर पसरतो, त्याला चेहऱ्याची कड माहीत नसते. गोंदण कातडीवरच थांबतं आणि दुसऱ्या फोटोतही त्याच जागी सापडतं. चिरीची गोल टिकली झाली का, तेही पाहा.

सावल्या

इथे घाई करू नका. सावली चुकली की फोटो "कुठेतरी खोटा" वाटतो, पण कुठे ते सांगता येत नाही.

मी टूलला आजीशेजारचा मुलगा काढून टाकायला सांगितलं होतं. तो गेला. त्याने खुर्चीचा डावा पाय झाकला होता, तो टूलने नव्याने काढला. पण त्या पायाखाली सावली नव्हती आणि उजव्या पायाची सावली मात्र जमिनीवर लांब पडलेली. वर आजीच्या मांडीवर, लुगड्यावर, एक तिरपा गडद पट्टा होता. तो त्या मुलाच्या हाताची सावली. मुलगा गेला, सावली राहिली. कुणाला काढलं की तीन गोष्टी शोधा: जमिनीवरची त्याची सावली, दुसऱ्यांच्या अंगावर पडलेली त्याची सावली आणि काचेत, पाण्यात किंवा चकाकत्या फरशीत दिसणारं त्याचं प्रतिबिंब.

त्यानंतर वस्तू जिथे जमिनीला टेकते ती जागा पाहा. पाऊल, खुर्चीचा पाय, तांब्याचा तळ. आभाळ भरून आलं असेल आणि ठळक सावली नसेल, तरी टेकण्याच्या अगदी जवळ एक बारीक काळोख असतोच. तो नसेल तर वस्तू तरंगते.

ऊन असेल तर आणखी एक पक्की परीक्षा आहे. खुर्चीच्या हाताचं टोक आणि त्याच टोकाची जमिनीवरची सावली, हे दोन बिंदू सरळ रेषेने जोडा आणि रेष दोन्हीकडे वाढवा. असंच खांबाच्या टोकाचं करा, कुणाच्या टोपीचं करा. सूर्य एकच असल्यामुळे या सगळ्या रेषा एकाच बिंदूत मिळतात किंवा समांतर जातात. तो बिंदू बहुधा फोटोच्या बाहेर येतो, म्हणून आधी कॅनव्हास मोठा करून घ्या. एक रेष भलतीकडे गेली तर ती वस्तू किंवा ती सावली नंतरची आहे. नुसत्या जमिनीवरच्या सावल्यांची दिशा बघून मात्र निकाल देऊ नका. खडबडीत जमिनीवर आणि कॅमेऱ्याच्या जवळ-लांबच्या फरकामुळे खऱ्या सावल्याही समांतर दिसत नाहीत. घरात, दोन-तीन दिव्यांखाली काढलेल्या फोटोला ही परीक्षा लागू पडत नाही, कारण तिथे प्रत्येक दिवा आपली सावली टाकतो.

चेहऱ्यावरची सावलीही याच उन्हाशी जुळायला हवी. आजीच्या नाकाखालची सावली मूळ फोटोत उजवीकडे होती. निकालात चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा उजळला होता, जणू स्टुडिओत बसवून काढलाय. ती नाकाखालची सावली परत आणल्यावर चेहरा अंगणात बसला.

अक्षरं आणि कडा

मागची देवनागरी अक्षरं एकेक करून वाचा. टूल शिरोरेषा नीट ओढतं आणि तिच्याखाली अक्षरासारखे दिसणारे पण कुठलंच अक्षर नसलेले आकार लटकवतं. चौकटीवरचं 'श्री' असंच झालं होतं, आणि Difference मधला तो लांब पट्टा त्याचाच होता. इथे दुरुस्ती करत बसू नका, मूळचा धुरकट तुकडा तसाच परत आणा. डोक्यामागून जाणारी खिडकीची पट्टी, भिंतीची कड एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूला त्याच उंचीवर निघते का, तेही बघा. हाताची बोटं आणि बांगड्या कागदावरच्या नोंदीशी जुळवा.

शेवटी फोटो आडवा उलटा करून पाहा. GIMP मध्ये View मधल्या Flip & Rotate मध्ये Flip Horizontally आहे, त्याने फक्त दिसणं उलटतं, फाइल बदलत नाही. ओळखीचा झालेला चेहरा उलटा झाला की वाकडा डोळा, तिरका ओठ चटकन खटकतो.

सापडलेली चूक दुरुस्त करताना

पुन्हा टूललाच "नीट कर" म्हणत बसलं तर एक चूक जाते आणि दुसरी येते. मी मूळ स्कॅन वरच्या लेयरवर घेतो, त्याला काळा मास्क लावतो आणि मऊ ब्रशने हवी तेवढीच जागा मोकळी करतो. आजीचं तोंड, हनुवटी, चौकटीवरची अक्षरं अशीच परत आली. कुड्या त्या मोबाइलवरच्या फोटोवरून, लहान आणि किंचित अस्पष्ट करून बसवल्या. खुर्चीच्या डाव्या पायाची सावली उजव्या पायाच्या सावलीवरून काढली. लुगड्यावरचा पट्टा शेजारच्या उन्हातल्या कापडाने भरला. परत आणलेला भाग दाणेदार आणि बाकीचा गुळगुळीत राहतो, म्हणून शेवटी संपूर्ण फोटोवर हलका दाणा टाकला, म्हणजे जोड दिसत नाही.

दात मी पांढऱ्या पट्टीसारखेच ठेवले, डावीकडच्या काळ्या फटीसकट. मोठ्या प्रिंटमध्ये ते जरा धुरकट दिसतात. लेकीला आधीच सांगितलं की मूळ फोटोत याहून जास्त काही नाही, आणि जे नाही ते मी काढलेलं नाही. तिने फोटो हातात घेतला आणि पहिलं बोट ठेवलं ते त्या फटीवर.

दात, कान, सावल्या सगळं जुळूनही चेहरा दुसऱ्याच कुणाचा झालेला असू शकतो, आणि ते या यादीतून कळत नाही. म्हणून छापण्याआधी त्या माणसाला ओळखणाऱ्या दोघांना तरी निकाल दाखवा, वेगवेगळा, काहीही न सुचवता. प्रिंट देताना मूळ स्कॅनची फाइलही सोबत द्या आणि पाकिटावर लिहून ठेवा, काय नव्याने काढलं आहे ते. आजीच्या पाकिटावर मी लिहिलं: "दोन्ही कुड्या, खुर्चीचा डावा पाय, त्याची सावली आणि मांडीवरचं लुगडं नवीन. बाकी मूळ फोटोतलं, साफ केलेलं."